मास्तरांच्या वहीतला डावा

एक ते आठ यापलीकडे आमच्या भावाला आकडे येत नाहीत, असं मास्तरांची बहीण म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. जिना चढताना ते आठ पायऱ्या मोजत आणि नवव्या पायरीला पुन्हा एकवर येत. चहा ढवळायचा तो आठ वेळा. बोलता बोलता विचारात पडले की त्यांची बोटं मांडीवर ‘पाच-सहा-सात-आठ’ वाजवू लागत, आणि समोरचा माणूस उगीचच नाचायला तयार झाल्यासारखा सावरून बसे. त्यामुळे त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना मोजमास्तर म्हणू लागले.

टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. तिथे सव्वीस वर्षं ते समूहनृत्य शिकवत आले होते. शाळांची स्नेहसंमेलनं, कारखान्यांचे वर्धापनदिन, लग्नातले नाच. ज्यांना नाचता येत नाही अशा माणसांना एका महिन्यात एका तालावर आणायचं, हे त्यांचं काम. ते स्वतः फार मोठे नर्तक नव्हते, आणि तसं कधी म्हणतही नसत. “मी नाचत नाही, मी मोजतो,” असं म्हणत.

मास्तर माणूस प्रेमळ, पण संशयी. पेन सापडलं नाही की आधी कुणी नेलं असेल याचा विचार करायचे, मग खिसा चाचपायचे. पेन बहुतेक खिशातच असे. तरीही पुढच्या वेळी क्रम तोच.

त्यांच्या बहिणीची मुलगी लहानपणापासून या हॉलमध्ये नाचत मोठी झाली होती. आता ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसे आणि पाच वाजता सुटली की मामाकडे येई. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. क्लास हळूहळू भाचीच्या हाती द्यायचा, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं, फक्त तिला सांगितलं नव्हतं. नाच शिकवणारे व्हिडिओ करायची कल्पना तिचीच. गेल्या चार महिन्यांत तिने दहा-बारा केले होते, आणि त्यासाठी एक पद्धत बसवली होती. आधी कागदावर तीन रकाने आखायचे: मोजणी, कृती, कॅमेरा. एक ते चार, काय करायचं, कॅमेरा कुठे. पाच ते आठ, काय करायचं, कॅमेरा कुठे. आधी समोरून, मग पाठमोरं, मग अवघड जागा अर्ध्या वेगात, आणि शेवटी सगळं गाण्याच्या वेगात.

“मामा, चित्रात पाय कापले गेले की अर्धा नाच गेला,” ती म्हणायची, आणि कॅमेऱ्यासमोर जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे ती पट्टीच्या आत राहिली की पाय चित्रात राहतात.

मास्तरांना हे आवडायचं. पण एक गोष्ट मनात सलत होती. पहिल्या दोन व्हिडिओंत मोजणी त्यांच्या आवाजात होती. तिसऱ्यापासून भाचीने सावकाश भागात स्वतःचा आवाज घातला. विचारलं तर म्हणाली, “चित्राचा वेग अर्धा केला की आवाजही ओढला जातो रे. तुझा आवाज आधीच भारी, त्यात अर्ध्या वेगात विहिरीतून कुणी बोलतंय असं वाटतं. म्हणून चित्र सावकाश करायचं आणि मोजणी वेगळी बोलून वर बसवायची. एक आणि दोन आणि तीन आणि.” ती हसली. मास्तरही हसले. पण रात्री जेवताना बहिणीला म्हणाले, “आधी आवाज काढला. पुढे काय काढते बघू.”

अशात इस्पितळाचं काम आलं. इस्पितळाच्या वर्धापनदिनाला अठरा नर्सेस नाचणार होत्या. अडचण अशी की नऊ जणी दिवसपाळीच्या आणि नऊ रात्रपाळीच्या. अठराजणी रोज एका वेळी जमणं शक्यच नाही. मोठ्या सिस्टर, म्हणजे त्या सगळ्यांच्या प्रमुख, जिना चढून आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “मास्तर, माझ्याकडे रुग्ण आहेत. अठराजणी रोज एकदम सोडता येणार नाहीत. काहीतरी युक्ती काढा.”

युक्ती भाचीनेच काढली. दिवसपाळीच्या नऊजणींना मास्तरांनी साडेतीन वाजता हॉलमध्ये शिकवायचं. रात्रपाळीच्या नऊजणींसाठी व्हिडिओ करायचा. त्या आपापल्या घरी, सवडीने बघून बसवतील. शेवटच्या दहा दिवसांत दोन तालमी एकत्र. मास्तर शिकवत तेव्हा भाची दुकानात असे, म्हणून तिने त्यांच्या वहीच्या चार पानांचे फोटो काढून घेतले. वही कुणाला द्यायची ही मास्तरांची पहिलीच वेळ. “पानं मोजून घे,” ते म्हणाले. तिला तो विनोद वाटला.

रविवारी दुपारी तिने एकटीने व्हिडिओ केला, आणि रात्रपाळीच्या बायकांना तो फार आवडला. “मास्तरांपेक्षा बरं, पुन्हा पुन्हा विचारलं तरी ओरडत नाही,” असा निरोप आला.

पहिली एकत्र तालीम बुधवारी झाली. मास्तरांनी रांगा लावताना एक दिवसपाळीची, एक रात्रपाळीची, अशी सरमिसळ केली, म्हणजे सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या होतील. गाणं लागलं. ‘पाच-सहा-सात-आठ’ म्हणून त्यांनी हात खाली केला.

एकला अठरा खांदे एकमेकांना घासले. तीनला नऊ टकरी झाल्या. पाचला गिरकी होती. नऊजणी इकडून फिरल्या, नऊजणी तिकडून, आणि एका सिस्टरचा चष्मा उडून थेट दाराशी गेला.

“अगं, उजवा!”

“उजवा काय? डावा! व्हिडिओत डावा आहे!”

“व्हिडिओत असेल. आम्हाला मास्तरांनी शिकवलंय.”

“मग आम्हाला काय टायरवाल्याने शिकवलंय?”

पुन्हा केलं. पुन्हा तेच. रात्रपाळीच्या नऊजणी एकजात डावीकडे जात होत्या, गिरकी डावीकडून, शेवटची मान डावीकडे. एकही चुकत नव्हती. हेच मास्तरांना खटकलं. चूक अशी नसते. चूक म्हणजे एक जण इकडे, दोघी तिकडे. हे तर चोख बसवलेलं होतं. उलटं, पण चोख.

मोठ्या सिस्टर चष्मा उचलून आणत म्हणाल्या, “मास्तर, नऊ दिवस राहिलेत. हे कुणाकडून झालं ते मला शुक्रवारी सांगा. नाहीतर आम्ही नाच सोडून मेणबत्त्या घेऊन नुसत्या उभ्या राहू.”

त्या संध्याकाळी मास्तरांनी भाचीला फोन केला नाही. सरळ विचारायचं आणि तिने सरळ काहीतरी सांगायचं, यावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि त्यांना आता एक जुनी गोष्ट आठवली होती. पंधरा दिवसांपूर्वी भाची जिन्यात फोनवर बोलत होती आणि ते वरच्या पायरीवर होते. ती म्हणत होती, “मामाला सांगायची काही गरज नाही. मी इथेच उलटं करून टाकते. त्याला कळणारही नाही.”

तेव्हा त्यांना वाटलं होतं, चटई असेल. किंवा पडदा. आता ते वाक्य त्यांच्या डोक्यात पुन्हा पुन्हा वाजू लागलं. शिवाय मागच्या आठवड्यात टेबलावर तिच्या पर्सखाली नव्या डान्स स्टुडिओचं कार्ड दिसलं होतं, ते दोन चौक पलीकडचे, आरशांच्या भिंतीवाले. मास्तरांनी कार्ड उचललं नव्हतं. नुसतं वाचलं होतं. मग पर्स पुन्हा नीट त्यावर ठेवली होती.

गुरुवारी सकाळी ते टायरवाल्याकडे जाऊन बसले. टायरवाला वीस वर्षांपासूनचा शेजारी. वरच्या नाचाच्या धपधपीने त्याच्या छताचा रंग पडे, म्हणून तो वर्षातून एकदा भांडे आणि बाकी वर्षभर चहा पाजे. त्याच्या मोठ्या फोनवर मास्तरांनी व्हिडिओ लावला.

“हे बघ. मागचं घड्याळ. साडेसात.”

“बरं.”

“ती मला म्हणाली दुपारी केला. रविवारी दुपारी. साडेसातला हॉलमध्ये ती कुणाबरोबर होती?”

टायरवाल्याने डोळे बारीक केले. घड्याळावर आकडे नव्हते, नुसत्या रेघा. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मास्तर, सेकंदकाटा उलटा फिरतोय.”

खरंच उलटा फिरत होता. मास्तरांच्या अंगावर काटा आला. म्हणजे साडेसात नव्हतेच. साडेचार वाजले होते, आणि चित्रच डावं-उजवं फिरवलेलं होतं. ‘मी इथेच उलटं करून टाकते!’

“सापडलं,” ते म्हणाले. “तिने चित्र उलटं केलं, म्हणून माझा उजवा डावा झाला.”

“थांबा, घाई नको.” टायरवाल्याला कोडी आवडत. त्याने व्हिडिओ पुढे सरकवला. पाठमोरा भाग आला. भाची कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होती, समोर भिंतीवर तेच घड्याळ. “इथे काटा सुलटा चालतोय. म्हणजे हा भाग फिरवलेला नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि पाय?”

एक म्हटल्यावर भाचीचा पाय डावीकडे गेला. डावा पाय, तिचा स्वतःचा, खराखुरा. आवाजही म्हणत होता: एकला डावा बाजूला, दोनला उजवा जोडून, तीनला पुन्हा डावा, चारला टाळी. मग अर्ध्या वेगात गिरकी आली. नुसते पाय, पडदाभर. एक-आणि-दोन-आणि. डाव्या पायाच्या चवड्यावर वजन, उजवी टाच उचललेली. काही झाकलेलं नाही. इतकं स्वच्छ दाखवलं होतं की मास्तरांना एरवी अभिमान वाटला असता.

टायरवाल्याने फोन ठेवला. “मग दोष चित्राचा नाही, मास्तर. पोरगी मुळातच डावीकडे नाचली आहे.”

मास्तरांची बोटं मांडीवर वाजत होती. यंत्राचा घोटाळा असता तर बरं झालं असतं, असं त्यांना आता वाटत होतं. यंत्राला हेतू नसतो. पण पाय माणूस टाकतो. मामाची तालीम लोकांसमोर फसावी, मोठ्या सिस्टरने तोंड फिरवावं, आणि मग भाचीने आरशांच्या भिंतीवाल्यांकडे अठराच्या अठरा नर्सेस घेऊन जावं, असं सगळं त्यांनी चहा संपेपर्यंत जुळवून टाकलं. जिना चढून वर आले तेव्हा त्यांचं ठरलं होतं. उद्या मोठ्या सिस्टरसमोरच विचारायचं आणि क्लासची किल्ली परत मागायची.

शुक्रवारी साडेपाचला तिघं हॉलमध्ये जमली. भाची दुकानातून तशीच आली होती. ओढणीला चष्मे पुसायचं पिवळं फडकं अडकलेलं होतं, ते तिला माहीतच नव्हतं. मास्तरांनी ते पाहिलं आणि सांगितलं नाही.

“बस,” ते म्हणाले. “मला एवढंच सांग. मी लिहून दिलेलं तू का बदललंस?”

“काय बदललं?”

“पाय.”

“मी तुझ्या वहीतलं एक अक्षर बदललं नाही, मामा.”

“फोनवर कुणाला म्हणालीस, मामाला कळणार नाही, उलटं करून टाकते?”

भाचीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. “तू ऐकत होतास?”

“कानावर पडलं.”

“रात्रपाळीच्या सिस्टर होत्या फोनवर. नमुन्याला आधीचा एक व्हिडिओ पाठवला होता, तो बघताना त्यांचा गोंधळ व्हायचा. मी समोर तोंड करून उभी, माझा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला दिसतो. म्हणून म्हटलं, चित्र आरशासारखं करून टाकते, मग माझा उजवा त्यांच्या उजव्या बाजूला दिसेल. सगळे तसंच करतात. त्यात तुला काय सांगायचं? तू म्हणाला असतास, पानं मोजून घे.”

मोठ्या सिस्टर खोकल्या. बहुतेक हसू गिळलं असावं.

“आणि पाठमोरं?” मास्तर म्हणाले. “तिथे आरसा नाही. तिथेही डावा.”

“कारण डावा लिहिलंय!”

“मी उजवा लिहिलंय!”

“मास्तर,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “तुमची वही आहे ना? मग वाचा की. भांडण कशाला?”

मास्तरांनी कपाटातून वही काढली. ते खूश झाले होते. कागद खोटं बोलत नाही. उभं राहून, पानावर बोट ठेवून, शाळेत धडा वाचतात तसं त्यांनी वाचलं, “एक: उजवा बाजूला. दोन: डावा जोडून. तीन...”

“थांबा.” मोठ्या सिस्टर त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. “कुठे लिहिलंय उजवा?”

“हे काय. एक: उजवा बाजूला.”

“मास्तर, तुमचं बोट ज्या शब्दावर आहे तो डावा आहे.”

“नाही हो. उजवा.” त्यांनी पुन्हा वाचलं, आणि पुन्हा त्यांच्या तोंडून उजवाच निघाला. रोज औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं तपासणाऱ्या त्या बाईने शांतपणे त्यांचं बोट बाजूला केलं. “डा. वा. काना आहे, मास्तर. आणि खाली बघा, तुमचा पाय कुठे आहे.”

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय एक पाऊल बाजूला गेला होता.

खाली टायरवाल्याचं हवा भरायचं यंत्र सुरू झालं, आणि थांबलं.

सव्वीस वर्षं ते वर्गाकडे तोंड करून उभे राहिले होते. वर्गाला उजवा पाय टाकायला लावायचा तर स्वतः डावा टाकायचा आणि तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं. समोरच्या माणसाला आरशात बघितल्यासारखं वाटतं आणि तो चुकत नाही. हे इतकं अंगात मुरलं होतं की आता ते डोक्याचं कामच राहिलं नव्हतं. वही ते स्वतःच्या पायांसाठी लिहीत. डावा म्हणजे माझा डावा. म्हणजे तुमचा उजवा. पायाने वाचायचं आणि तोंडाने फिरवायचं. वही दुसऱ्या कुणी कधी वाचलीच नव्हती, म्हणून हे कधी कुणाला कळलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. भाची सतरा वर्षं त्यांच्यासमोर उभी राहून नाचली होती, पण पानाच्या या बाजूला ती पहिल्यांदाच आली होती. तिने डावा वाचला, डावा टाकला, डावा म्हटला, आणि सगळं चोख केलं.

“चूक माझी,” मास्तर मोठ्या सिस्टरना म्हणाले. त्यांच्याकडे पाहून ते म्हणणं सोपं होतं.

भाचीने पर्स उचलली. “घड्याळाला विचारलंत. टायरवाल्याला विचारलंत, तो मला खाली भेटला, म्हणाला, मास्तर चौकशी करतायत. मला तेवढं नाही विचारलंत.” आजवर तिने मामाला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. “आणि ते कार्ड पाहिलं असेलच तुम्ही. पर्स जिथे होती तिथून चार बोटं सरकली होती. त्या लोकांना मी नाही म्हटलं होतं.”

“मला काय माहीत...”

“माहीत कसं असेल?”

मोठ्या सिस्टर मध्ये पडल्या नाहीत. त्यांच्या कामात लोक रडण्याआधी किती वेळ घेतात हे त्यांना ठाऊक होतं. पुरेसा वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, “तुमचं घरचं तुम्ही बघा. पण माझ्या नऊजणी डाव्या झाल्या आहेत. सात दिवसांत त्या उजव्या होतील का?”

“होतील,” मास्तर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. अंगात बसलेलं काढायला नवीन बसवण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो.

भाची दारात उभी होती. ती जाणार होती. पण नाच अर्धवट टाकून जाण्याची सवय तिला कुणी लावली नव्हती. “काढायचं कशाला?” ती भिंतीकडे बघून म्हणाली. “सरमिसळ करू नका. दिवसपाळी रंगमंचाच्या उजव्या अर्ध्यात, रात्रपाळी डाव्या अर्ध्यात, मध्ये दोन हात जागा. एकला दोन्ही बाजू बाहेर उघडतील. गिरकीही बाहेर. फक्त दुसऱ्या कडव्यात दोन्हीकडच्या आत येतात, तिथे टक्कर होईल. तिथे रात्रपाळीने जागेवर थांबायचं. आठ मात्रा.”

मास्तरांनी मनात मोजून पाहिलं. एक ते चार, पाच ते आठ. बसत होतं. “सोळा थांबल्या तर जास्त बरं,” ते हळूच म्हणाले. “आठ अपुऱ्या पडतील.”

“सोळा,” भाची म्हणाली. “उद्या तेवढ्याच भागाचा व्हिडिओ करते. पण लिहिताना कुणाचा डावा ते लिहा.”

तिने व्हिडिओ केला. मास्तरांनी लिहून दिलेल्या कागदावर प्रत्येक ओळीत ‘शिकणाऱ्याचा’ असा शब्द होता, सोळा वेळा. एकदाही गाळला नव्हता. कार्यक्रम झाला. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना वाटलं, असं दोन बाजूंनी उघडणारं बसवणं ही मास्तरांची खास कला, आणि त्यांनी तसं माईकवर सांगितलं. मास्तर पहिल्या रांगेत उठून उभे राहिले आणि मागे हात करून भाचीला दाखवू लागले. ती तिथे नव्हती. ती पडद्याआड रात्रपाळीच्या नऊजणींना पाणी देत होती.

किल्ली त्यांनी मागितली नाही. पण पुढच्या महिन्यात भाचीने स्वतःहून सांगितलं की तिने आरशांच्या भिंतीवाल्यांकडे मंगळवार आणि गुरुवार घेतला आहे. बाकीचे दिवस इथे.

“का?” मास्तरांनी विचारलं.

“तिथे माझ्याकडे कुणी बघत नाही,” ती म्हणाली. “सगळे आरशात स्वतःलाच बघतात. बरं वाटतं.”

क्लास पुढे तुझाच, हे त्यांनी त्याच दिवशी तिला सांगून टाकलं. घाईघाईने, जिन्यात, नीट वाक्यही जुळलं नाही. ती “बरं” म्हणाली. नुसतं बरं.

मग एका मंगळवारी टायरवाल्याने खालून हाक मारली. “मास्तर, भाची आत्ता चौकातून गेली. कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून.”

“कुणाच्या?”

“हेल्मेट होतं. कळलं नाही. लाल स्कूटर.”

मास्तर खुर्चीत बसले. लाल स्कूटर. त्यांच्या ओळखीत लाल स्कूटर कुणाचीच नव्हती. हा चौक स्टुडिओच्या वाटेवर नाही, उलट्या दिशेला. बोटं मांडीवर वाजू लागली. टायरवाल्याला विचारावं की स्कूटर बाईची होती का बाप्याची? नंबर पाहिला का? बहिणीकडे चौकशी करावी, सहज, भाजीचा विषय काढून? ‘पाच-सहा-सात-आठ’ असं चार वेळा झालं. मग त्यांनी फोन उचलला.

“काय?” भाची म्हणाली. मागे वाऱ्याचा आवाज होता.

“लाल स्कूटर कुणाची?”



“स्टुडिओतल्या बाईंची. स्पीकर दुरुस्तीला टाकलाय, तो आणायला चाललोय. अजून काही?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “एवढंच विचारायचं होतं.”

“बरं केलंस विचारलंस,” ती म्हणाली, आणि मग कुणाला तरी, बहुधा पुढच्या बाईंना, मोठ्याने म्हणाली, “काही नाही हो, मामा आहे माझा. चौकशी करतोय.”